कुर्ता-जॅकेट सेटचं लिस्टिंग: "साइज ४०" म्हणजे नक्की कोणाचं ४०?

या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये आपण टेबलावर कुर्ता आणि जॅकेट पसरून टेप लावून दाखवली. टेप कुठे धरायची हे व्हिडिओत नीट दिसतं, पण मापं मिळाल्यावर लिस्टिंगमध्ये काय लिहायचं, कोणत्या शब्दांत लिहायचं, हे वाचून समजायला सोपं जातं. म्हणून हा लेख. वही घेऊन बसा, शेवटी एक पूर्ण लिस्टिंग लिहून दिलंय.

उदाहरण एकच धरतोय: पुरुषांचा कुर्ता, पायजमा आणि वरून नेहरू जॅकेट असा तीन नगांचा सेट. जॅकेटला कोणी मोदी जॅकेट म्हणतं, कोणी कोटी म्हणतं, आपण जॅकेट म्हणू. हाच सेट घेण्याचं कारण असं की यात दोन कपड्यांच्या दोन छात्या आहेत, एकाला अस्तर आहे, दुसऱ्याला नाही, आणि परत येण्याचं प्रमाण साध्या कुर्त्यापेक्षा जास्त असतं. हे जमलं की शेरवानी, बंदगळा, इंडो-वेस्टर्न सगळं याच पद्धतीने लिहिता येतं.

आधी ४० चा घोळ सोडवू

तुमचं गिऱ्हाईक शर्ट घेताना "४० द्या" म्हणतं. फॉर्मल शर्टावरचा तो ४० म्हणजे कॉलरचे सेंटीमीटर. कुर्त्यावरचा ४० म्हणजे छातीचे इंच. काही अंकांना हे दोन्ही योगायोगाने जवळपास जुळतात, त्यामुळे घोळ लगेच लक्षात येत नाही. वरच्या साइजना मात्र फरक पडायला लागतो आणि मग "माझा नेहमीचा साइज घेतला तरी घट्ट झालं" असा मेसेज येतो.

दुसरा घोळ आपल्या बाजूचा असतो. कुर्त्यावरचं ४० हे अंगाचं माप आहे की कपड्याचं? बहुतेक कारखानदार ४० नंबरचा कुर्ता ४० छातीच्या माणसासाठी शिवतात. म्हणजे कपडा स्वतः ४४ इंचांचा असतो, वरचे ४ इंच लूजिंग. पण काही जण कपड्याचंच माप लेबलवर टाकतात. तिथे ४० म्हणजे कपडाच ४०, आणि तो ३६ छातीच्या माणसाला बसतो. एकाच बाजारात दोन गाळ्यांवरून माल उचललात तर दोन्ही प्रकार तुमच्या रॅकवर शेजारी शेजारी येऊ शकतात. लेबल बघून हे कधीच कळत नाही, टेप लावल्यावरच कळतं.

म्हणून लिस्टिंगमध्ये नुसतं "छाती ४०" लिहायचं नाही. दोन वेगळे शब्द वापरा: अंगाची छाती आणि कपड्याची छाती. गिऱ्हाइकाला दोन्ही द्या. ज्याच्याकडे टेप आहे तो अंगाचं माप बघेल. ज्याला अंगाचं माप घ्यायचा कंटाळा आहे (बहुतेकांना असतो) त्याला सांगा, "तुमचा नीट बसणारा एक कुर्ता पलंगावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि आमच्या कपड्याच्या मापाशी जुळवा." माझ्या अनुभवात ही एक ओळ सगळ्या साइज चार्टपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोजताना आपणही तसंच मोजायचं. बटणं लावा, कपडा सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा पण ओढू नका. काखेच्या शिलाईच्या एक इंच खाली आडवी टेप धरा. २२ आले तर छाती ४४. लिस्टिंगमध्ये ४४ लिहा, २२ लिहू नका. काही जण सपाट माप तसंच टाकतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

आणि एकच नग मोजून थांबू नका. प्रत्येक साइजचे तीन नग मोजा. समजा ४० नंबरचे तीन कुर्ते ४३¾, ४४ आणि ४४¼ आले, तर ४४ लिहा आणि "अर्धा इंच कमी-जास्त" जोडा. एखादा नग ४२½ निघाला तर तो ४० मध्ये विकायचा नाही, बाजूला काढा. नवीन लॉट आला की पुन्हा मोजा. डिझाइन तेच असलं तरी शिवणारे हात बदललेले असू शकतात.

सेटमध्ये साइज जॅकेट ठरवतं

हा मुद्दा जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक लिस्टिंगमध्ये फक्त कुर्त्याचं माप असतं.

आपल्या सेटमध्ये ४० नंबरचा कुर्ता ४४ इंचांचा आहे, पण जॅकेट ४३ चं आहे. जॅकेट अंगालगत दिसावं म्हणून लूजिंग कमी, फक्त ३ इंच. त्यात आत कुर्त्याचा थर जातो. पुढच्या पल्ल्यांना बुकरम चिकटवलेलं असतं आणि आत अस्तर असतं, त्यामुळे जॅकेट जराही ताणलं जात नाही. साधा कुर्ता अर्धा इंच कमी पडला तरी माणूस चालवून घेतो. जॅकेट अर्धा इंच कमी पडलं तर बटण लागत नाही.

आणि घट्ट कुठे होतं? छातीवर क्वचितच. पोटावर होतं. पस्तिशीनंतरच्या गिऱ्हाइकांत छातीपेक्षा पोट मोठं असणारे भरपूर, आणि तेच तर लग्नसराईत सेट घेतात, मुलाचे वडील, मामा, काका. त्यामुळे जॅकेटच्या सगळ्यात खालच्या बटणाच्या रेषेत एक माप घ्या आणि "जॅकेट पोटावर" या नावाने लिहा. आपल्या ४० च्या जॅकेटचं ते माप ४२ आलं. पोटावर निदान २ इंच लूजिंग पाहिजे, नाहीतर बसल्यावर बटणं ओढतात. म्हणजे हे जॅकेट ४० पर्यंतच्या पोटासाठी.

आता एक गिऱ्हाईक घेऊ. अंगाची छाती ४१, पोट ४३, उंची ५ फूट ५ इंच. शर्ट ४० चा वापरतात, म्हणून सेटही ४० चा मागतात. छातीला तो कसाबसा जाईल, पण पोटावर जॅकेट ४२ आणि अंग ४३, खालची बटणं लागणारच नाहीत. ४२ नंबर दिला तर पोटावर जॅकेट ४४, म्हणजे १ इंच सैल. उभं राहिल्यावर ठीक, बसल्यावर ओढणार. ४४ नंबर दिला तर पोटावर ४६, मस्त. पण छाती ४७ होते, खांदे उतरतात, आणि कुर्त्याची लांबी ४२ इंच येते. ५ फूट ५ इंचांच्या माणसाला ती गुडघ्याच्या बरीच खाली जाणार.

यातून मार्ग जॅकेट उलटं केल्यावर दिसतो. बाजूच्या शिलाईत आत किती कापड सोडलंय ते बघा. अर्धा इंच असेल तर दोन्ही बाजू मिळून टेलर साधारण १ इंच सैल करून देऊ शकतो. मात्र अस्तरातही तेवढंच कापड सोडलेलं पाहिजे, ते नसेल तर बाहेरचं उसवून काही उपयोग नाही. आपल्या जॅकेटमध्ये दोन्हीकडे कापड आहे. मग या गिऱ्हाइकाला ४२ नंबर आणि बाजूने १ इंच सैल, म्हणजे पोटावर ४५, असं उत्तर देता येतं. "जॅकेट बाजूने १ इंच सैल करता येतं, आत कापड आहे" ही ओळ लिस्टिंगमध्ये लिहिली की असे कितीतरी लोक परत न पाठवता टेलरकडे जातात.

लांबी

लांबी कुठून मोजली ते सांगितल्याशिवाय लांबीचा आकडा अर्धवट असतो. समोरून, कॉलर जिथे खांद्याच्या शिलाईला मिळते तिथून सरळ खाली तळापर्यंत मोजा. मागून कॉलरखालून मोजलं तर आकडा वेगळा येतो.

फोटोतल्या माणसाची उंची लिहा. "फोटोतील उंची ५ फूट ८ इंच, घातलेला साइज ४०, कुर्त्याची लांबी ४० इंच, गुडघ्यापर्यंत" एवढं वाचून समोरचा स्वतःचा अंदाज बांधतो. उंची ५.८ अशी लिहू नका. पॉइंट आठ फूट म्हणजे साडेनऊ इंचांच्या वर जातं, ५ फूट ८ इंच नाही. अक्षरात लिहा.

अजून एक. साइज वाढतो तशी कारखानदार लांबीही वाढवतो, साधारण एकेक इंच. बुटक्या पण जाड माणसाची इथे पंचाईत होते, वरचं उदाहरण बघा. तळाला काठ किंवा भरतकाम नसेल तर "तळ आतून दुमडून २ इंच आखूड करता येतो" असं लिहा. काठ असेल तर करता येत नाही, तेही लिहा. पायजम्याला नाडी आहे की इलॅस्टिक, लांबी किती, एवढं पुरे.

कापड: नाव वेगळं, धागा वेगळा

गाळ्यावर कापडाचं जे नाव सांगतात ते बहुतेक वेळा विणीचं किंवा दिसण्याचं नाव असतं. जॅकार्ड ही विणण्याची पद्धत आहे. जॅकार्ड सुती असू शकतं, पॉलिएस्टर असू शकतं, रेशमीही असू शकतं. ड्युपियन मुळात जोडकोषांच्या रेशमाचं कापड, पण बाजारात त्या नावाने पॉलिएस्टर भरपूर विकलं जातं. आर्ट सिल्क म्हणजे कलेचं सिल्क नाही हो, आर्टिफिशियल. बहुतेक वेळा व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टर.

आपला कुर्ता "कॉटन सिल्क" म्हणून आला. तळाच्या आतल्या शिलाईतून थोडं कापड काढलं आणि उभे-आडवे धागे वेगळे केले. हे वेगळे करणं महत्त्वाचं, एकत्र जाळले तर काहीच कळत नाही. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, एकेक धागा. उभे धागे कागदासारखे जळले, मऊ राखाडी राख झाली. आडवे चमकदार धागे वितळले आणि कडक काळा मणी तयार झाला. रेशीम असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि राख बोटांत चुरली असती. म्हणजे उभा सूत, आडवा पॉलिएस्टर. रेशीम नाहीच.

या चाचणीला मर्यादा आहेत. सूत आणि व्हिस्कोज जवळपास सारखेच जळतात, आणि टक्केवारी जाळून कधीच कळत नाही. टक्केवारी पुरवठादाराकडून लेखी घ्या, बिलावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर. इथे त्याने लिहून दिलं: कॉटन ५५, पॉलिएस्टर ४५. तो टक्केवारी द्यायला तयार नसेल तर "कॉटन-पॉलिएस्टर मिश्र" एवढंच लिहा, आकडा मनाने टाकू नका.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: "सर, लोक सर्चमध्ये सिल्क कुर्ता टाकतात, मग शब्द कसा सोडू?" नावात "सिल्कसारखी चमक" लिहा आणि त्याच ओळीत "कॉटन-पॉलिएस्टर" लिहा. दुसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात नाही. ऑनलाइन विकता तेव्हा २०२० चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम लागू होतात. वस्तू सांगितलेल्या गुणांची नसेल तर परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. "नो रिटर्न" लिहिलेलं असलं तरी "सिल्क सांगून पॉलिएस्टर दिलं" या तक्रारीपुढे ते टिकत नाही. खरं रेशीम विकत असाल तर सिल्क मार्कचं लेबल असलेला माल घ्या आणि त्या लेबलचा फोटो टाका.

कापडावरून आकसणंही सांगावं लागतं. प्रत्येक नवीन लॉटमधला एक कुर्ता गिऱ्हाईक धुतं तसा धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करून मोजा. आपला ४० इंचांचा ३९¼ झाला. पाऊण इंच. तसं लिहा. शुद्ध सुती असता तर जास्त गेला असता.

अस्तर म्हणजे "लायनिंग: होय" नाही

अस्तराबद्दल तीन गोष्टी सांगायच्या: कुठे आहे, कशाचं आहे, आणि पाठ कसली आहे.

तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. स्वस्त जॅकेटमध्ये पुढचे पल्ले जॅकार्डचे आणि पाठ बाहेरूनसुद्धा साध्या सॅटिनची असते. फोटो समोरून, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते पार्सल उघडल्यावर कळतं. आपल्या जॅकेटला पाठीलाही तेच कापड आहे, ही तर विकण्याची गोष्ट आहे. फोटो टाका आणि लिहा.

अस्तर पूर्ण आहे की फक्त पुढे, ते जॅकेट उघडून टेबलावर ठेवलेल्या एका फोटोत दाखवा. पॉलिएस्टर टाफेटाचं असेल तर घाम शोषत नाही, हे स्पष्ट लिहा. सुती अस्तर असेल तर उकाड्यात बरं, पण धुतल्यावर अस्तर आकसतं आणि बाहेरचं पॉलिएस्टर आकसत नाही, मग तळ आत ओढला जातो. बुकरमचंही तसंच, पाण्यात टाकलं की चिकटवलेलं सुटून पुढच्या पल्ल्यावर फोड येतात. म्हणून जॅकेट ड्राय क्लीन, कुर्ता-पायजमा घरी धुता येतो, असं सेटमधल्या प्रत्येक नगाचं वेगळं लिहा.

कुर्त्याला अस्तर नाही. मग दोन प्रश्न उरतात. फिकट रंगात आतली बनियन दिसते का? आणि गळ्यावरच्या भरतकामाचे धागे आतून टोचतात का? आपल्या कुर्त्याला गळ्याच्या भागात आतून सुती पट्टी आहे, म्हणून टोचत नाही. मोतिया रंगात मात्र बनियन दिसते. लिहून टाका, पांढरी बनियन घातली की कोणाला काही वाटत नाही.

प्रसंग: इतकं लिहून झालं की आपोआप कळतो

"वेडिंग, पार्टी, फेस्टिव्ह, पूजा, कॅज्युअल" असं सगळं लिहिलं की काहीच लिहिलं नाही असं होतं. प्रसंग कापड आणि अस्तरावरून ठरवा.

जॅकेटला पॉलिएस्टर अस्तर आहे, मग मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला, एसी नसलेल्या हॉलमध्ये ते अंगावर ठेवणं कठीण. साखरपुडा, संध्याकाळचं रिसेप्शन, दिवाळी, थंडीतली लग्नं यांना छान. हळदीला जॅकेट नको, कारण ते घरी धुता येत नाही. कुर्त्यात पॉलिएस्टर आहे, त्यामुळे होमासमोर बसणाऱ्यांना हा सेट मी सुचवत नाही. ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून चिकटतं. तिथे शुद्ध सुती कुर्ता द्या, तुमच्याकडे असेलच. नुसता कुर्ता मात्र गणपतीच्या आरतीला, घरच्या सत्यनारायणाला चालतो. खाली मांडी घालून बसायचं असतं, म्हणून साइड कटची उंची लिहा. आपली १४ इंच आहे.

आता पूर्ण लिस्टिंग बघा:

> कुर्ता-पायजमा-जॅकेट सेट, मोतिया आणि मरून, सिल्कसारखी चमक, कॉटन-पॉलिएस्टर
>
> साइज जॅकेटवरून निवडा. छाती आणि पोट दोन्ही मोजा, जो साइज मोठा येईल तो घ्या.
>
> ३८: अंगाची छाती ३७–३८, पोट ३८ पर्यंत. कपड्याची छाती: कुर्ता ४२, जॅकेट ४१. जॅकेट पोटावर ४०. कुर्ता लांबी ३९.
> ४०: अंगाची छाती ३९–४०, पोट ४० पर्यंत. कुर्ता ४४, जॅकेट ४३. पोटावर ४२. लांबी ४०.
> ४२: अंगाची छाती ४१–४२, पोट ४२ पर्यंत. कुर्ता ४६, जॅकेट ४५. पोटावर ४४. लांबी ४१.
> ४४: अंगाची छाती ४३–४४, पोट ४४ पर्यंत. कुर्ता ४८, जॅकेट ४७. पोटावर ४६. लांबी ४२.
>
> सर्व मापं इंचांत, अर्धा इंच कमी-जास्त. जॅकेट बाजूने १ इंच सैल करता येतं. कुर्त्याचा तळ २ इंच आखूड करता येतो. साइड कट १४ इंच.
>
> फोटोतील उंची ५ फूट ८ इंच, साइज ४०.
>
> कुर्ता: ५५% कॉटन, ४५% पॉलिएस्टर. अस्तर नाही, गळ्यात आतून सुती पट्टी. फिकट रंग, आत पांढरी बनियन घालावी. पहिल्या धुण्यात लांबी सुमारे पाऊण इंच कमी होते.
> जॅकेट: पॉलिएस्टर जॅकार्ड, पाठीलाही तेच कापड. आत पूर्ण अस्तर, पॉलिएस्टर टाफेटा. फक्त ड्राय क्लीन.
> पायजमा: नाडी, कुर्त्याचंच कापड.
>
> साखरपुडा, संध्याकाळचं रिसेप्शन, दिवाळी, थंडीतली लग्नं. नुसता कुर्ता पूजा-आरतीला. हळद आणि होमासाठी नाही.

"साठी नाही" लिहिलं तर विक्री कमी होईल अशी भीती वाटते, मला माहितीये. पण हळदीसाठी घेणाऱ्याला सुती कुर्त्याची लिंक तिथेच खाली द्या, तो दुकान सोडून जात नाही.

लिस्टिंग टाकल्यावर परत आलेल्या मालाची एक वही ठेवा. तारीख, साइज, आणि गिऱ्हाइकाने वापरलेले शब्द. एकाच साइजमध्ये "घट्ट" येत असेल तर त्या साइजचे उरलेले नग पुन्हा मोजा, लॉटमध्ये गडबड आहे. सगळ्या साइजमध्ये "घट्ट" येत असेल तर माल ठीक आहे, तुमचा चार्ट अर्धा-एक इंच चुकलाय किंवा अंगाचं आणि कपड्याचं माप उलट छापलं गेलंय. आणि "फोटोसारखं नाही" असं आलं तर बहुतेक पाठ किंवा अस्तराचा फोटो टाकायचा राहिलाय.